सिंक पुन्हा पुन्हा का तुंबतं: ऑगर घ्यावा की केमिकल ओतावं?

«स्वयंपाकघरातलं सिंक सुरुवातीला दोन महिन्यांनी तुंबायचं, मग दीड महिन्यानं, आता चार आठवडेही नीट जात नाहीत. दर वेळी ड्रेन क्लीनर ओततो आणि पाणी जायला लागतं. पाइप प्लास्टिकचा आहे. आता हातानं फिरवायचा ऑगर विकत घेऊ, की जास्त कडक केमिकल वापरून बघू?»

तुमच्या लिहिण्यात सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज सांगून गेलात. दोन महिने, मग दीड, मग चार आठवडे. नळकाम करणाऱ्या माणसाला एवढ्यावरून बरंच कळतं. चमचा, बाटलीचं बूच किंवा कापडाचा तुकडा पाइपात अडकला असता तर तो एकदाच अडकला असता आणि निघेपर्यंत तिथेच बसला असता. असं हळूहळू जवळ येत जाणारं तुंबणं म्हणजे पाइपाच्या आतल्या भिंतीवर चिकट्याचा थर बसतोय, तुम्ही दर वेळी त्यात एक बीळ पाडताय, आणि ते बीळ दर वेळी आधीपेक्षा लवकर बुजतंय.

म्हणून ऑगर, म्हणजे पाइपात फिरवत घालायची स्प्रिंगची तार, की केमिकल हे ठरवण्याआधी तो थर कुठे आणि कशामुळे बसतोय ते शोधावं लागेल. ते न शोधता यातलं काहीही वापरलं तरी महिन्याभरानं तुम्ही परत तिथेच असाल. माझा कल ऑगरकडे आहे, हे आधीच सांगतो. पण ऑगर जास्त चांगलं साफ करतो म्हणून नव्हे. चुकीच्या पद्धतीनं वापरला तर तोही केमिकलसारखं बीळच पाडतो. माझं कारण वेगळं आहे, त्यावर पुढे येतोच.

आधी थराबद्दल. भांड्यावरचं तेल, तूप, लोणी गरम पाण्यात पातळ होऊन खाली जातं. सिंकखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, ते अजून कोमट असतं, म्हणून तिथून सहज निसटतं. भिंतीतल्या आडव्या पाइपात एक-दोन मीटर गेल्यावर पाणी निवतं आणि तेल पाइपाला धरायला लागतं. भांडी घासायच्या साबणानं तेलाचे बारीक थेंब होतात हे खरं, पण पुढे साध्या पाण्यानं साबण विरळ झाला की ते थेंब परत एकत्र येतात. त्यात पिठाचा अंश, चहा-कॉफीचा चोथा आणि अन्नाचे कण मिसळतात. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम चरबीतल्या आम्लांशी जुळून न विरघळणारा साबण तयार करतं. पाइप उघडल्यावर जो राखाडी-पांढरा, मेणासारखा पदार्थ हाताला लागतो, तो हाच. नखानं खरवडला तर निघतो, नुसत्या पाण्यानं धुतला तर हलत नाही.

यावरून एक समज बाजूला काढू. उकळतं पाणी ओतलं की चरबी वितळून जाते, असं पुष्कळ जण सांगतात. वितळते खरी, पण जाते ती दोन मीटर पुढे. तिथे हात पोचणं आणखी कठीण. शिवाय तुमचा पाइप प्लास्टिकचा आहे. साधा पीव्हीसी साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतो आणि सांध्यांवर ताण येतो. हाताला चटका बसणार नाही इतपत गरम पाणी ठीक, किटलीतलं उकळतं नको.

आता तुम्ही ओतत असलेल्या केमिकलकडे येऊ. बाटलीवर किंवा पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. स्वयंपाकघरासाठी विकलं जाणारं बहुतेक ड्रेन क्लीनर म्हणजे कॉस्टिक सोडा, अर्थात सोडियम हायड्रॉक्साइड. कधी त्यात ब्लीच असतं. दाणेदार प्रकारांत काही वेळा ॲल्युमिनियमचे चकचकीत कण मिसळलेले असतात. ते कॉस्टिकशी लागून उष्णता आणि हायड्रोजन वायू सोडतात, म्हणून ओतल्यावर खदखदल्यासारखा आवाज येतो. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे त्या वेळी शेजारी शेगडी चालू नको.

कॉस्टिक चरबीचा साबण करतो आणि साबण पाण्याबरोबर वाहून जातो. रसायन म्हणून यात खोट काहीच नाही. एक किलो तेल-तुपाचा पूर्ण साबण करायला ढोबळमानानं 140 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागतो. म्हणजे पाव किलोचं पाकीट कागदावर पावणेदोन किलो चरबीला पुरलं पाहिजे. पण साबण करणारा माणूस तेल गरम ठेवतो, मोजून कॉस्टिकचं पाणी घालतो आणि सतत ढवळत राहतो. पाइपात यातलं काहीच नसतं. चरबी गार आणि घट्ट, ढवळणारं कोणी नाही, आणि कॉस्टिकचा स्पर्श फक्त थराच्या वरच्या पातळ कातडीला. तिथे साबणाचा एक पापुद्रा बनतो आणि आतल्या चरबीवर पांघरूण पडल्यासारखा बसून राहतो.

दुसरी अडचण जागेची. कॉस्टिकचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून ते पाइपाच्या तळाशी वाहतं. आडव्या पाइपात तळाकडचा थर थोडा निघतो, एक वाट मोकळी होते, पाणी जायला लागतं आणि तुम्हाला वाटतं की झालं. वरच्या अर्ध्या भागातला थर जसाच्या तसा लटकलेला राहतो. वाट मोकळी झाली की उरलेला कॉस्टिकही तिथूनच निघून जातो, थरापाशी थांबायचं त्याला कारणच उरत नाही. म्हणजे केमिकल जितकं लवकर यशस्वी होतं तितकं कमी काम करतं. विचित्र आहे, पण असंच आहे.

तेव्हा जास्त कडक केमिकल आणून यातलं काही बदलणार नाही. सल्फ्युरिक आम्लवाल्या बाटल्या मिळतात. मी त्या घरात वापरत नाही, आणि तुमच्याकडे आधी कॉस्टिक ओतलेला असताना तर त्यांचा विचारही करू नका. आम्ल आणि कॉस्टिक बंद पाइपात एकत्र आले की पाणी क्षणात उकळून तोंडावर उसळू शकतं. ब्लीचवर आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. एकदा एक ओतलं आणि पाणी गेलं नाही, तर त्यावर दुसरं ओतायचं नाही, मग ते काहीही असो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हा उपाय कोणीतरी सुचवेलच. दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस बघायला बरा वाटतो, चरबीवर काही होत नाही.

आता ऑगर. हातानं फिरवायच्या ऑगरमध्ये एका डबीत गुंडाळलेली स्प्रिंगची तार असते, टोकाला फुगीर बोंड किंवा आकडा, आणि मागे फिरवायचा दांडा. आमच्या कामात त्याला सरळ स्प्रिंगच म्हणतात, आणि काम म्हणजे स्प्रिंग मारणे. घरगुती वापराची तार सहसा 6 मिलिमीटर जाडीची आणि पाच ते साडेसात मीटर लांब असते.

हिशेब करून बघा. पाइप आतून 50 मिलिमीटरचा आणि बोंड 20 मिलिमीटरचं. पडणारं भोक पाइपाच्या तोंडाच्या जेमतेम सहाव्या भागाएवढं. म्हणजे थर गच्च असेल तर तार एकदा आरपार गेली, पाणी गेलं म्हणून काम आटोपलं, तर पाच भाग चिकटा आतच राहिला. मऊ चरबीत तर तार लोण्यात सुरी गेल्यासारखी जाते आणि बाहेर काढली की मागे भोक मिटतं. ऑगर आणला, चालवला आणि तीन आठवड्यांत परत तुंबलं अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. त्यात ऑगरचा दोष नसतो, एका फेरीत थांबण्याचा असतो.

तरी मी ऑगर का म्हणतो? कारण तार हातात असते आणि हाताला कळतं. किती मीटरवर अडलं, कडक लागलं की मऊ, टोकाला काय चिकटून आलं, हे सगळं ती सांगते. केमिकल ओतल्यावर एवढंच कळतं की पाणी गेलं किंवा गेलं नाही.

मी केलेलं एक काम तपशिलात सांगतो, म्हणजे हे कसं जुळवायचं ते लक्षात येईल. परिस्थिती जवळजवळ तुमचीच होती. सिंकखाली 40 मिलिमीटरचा ट्रॅप, भिंतीत 50 मिलिमीटरचा प्लास्टिक पाइप, सव्वातीन मीटर आडवा जाऊन उभ्या पाइपाला मिळालेला. सहा महिन्यांत चार वेळा केमिकल ओतून झालेलं. मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की शेवटचं कधी ओतलं? उत्तर आलं, काल रात्री. सिंकमध्ये तर तळाशी चार बोटं पाणी उभं होतं.

ते पाणी म्हणजे पाणी नव्हेच, कॉस्टिकचं द्रावण. अशा वेळी प्लंजर मारायचा नाही आणि तारही घालायची नाही, कारण दोन्ही ते द्रावण उडवतात. फिरती तार बाहेर ओढताना तर ते थेट चेहऱ्यावर येतं. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा घालून मी ते प्लास्टिकच्या मगानं प्लास्टिकच्या बादलीत काढलं. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, कॉस्टिक ते खातो. मग बादली खाली धरून ट्रॅपचे नट हळू सैल केले. ट्रॅपच्या तळाशी दगडासारखा पांढरा गोळा बसला होता. कॉस्टिकचे दाणे थोड्या पाण्यात एकदम पडले की आपसात चिकटून असे थिजतात. म्हणजे निम्मं पाकीट ट्रॅपच्या पुढे गेलंच नव्हतं. अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा. व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर तसंच धूत राहून डॉक्टर गाठायचा.

ट्रॅप धुऊन परत बसवला. सिंक रिकामं असताना पाणी अजून अगदी हळू झिरपत होतं, म्हणून पाइप रिकामा व्हायला तासभर दिला. नंतर मोजायचं भांडं घेऊन पाणी भराभर ओतलं आणि सिंकच्या जाळीत पाणी दिसेपर्यंत किती लागलं ते मोजलं. साडेपाच लिटर. आतून 50 मिलिमीटरच्या पाइपात एका मीटरला सुमारे दोन लिटर पाणी मावतं, 40 मिलिमीटरच्या पाइपात सव्वा लिटर. ट्रॅप आधीच भरलेला असतो. सिंकपासून भिंतीपर्यंतच्या तुकड्याचे अर्धा लिटर वजा केले तर पाच लिटर उरले, म्हणजे अडथळा भिंतीच्या तोंडापासून साधारण अडीच मीटरवर. हा अंदाजच आहे. पाइप आतून आधीच अरुंद झाला असेल तर कमी पाणी मावतं आणि अडथळा खऱ्यापेक्षा जवळ वाटतो. ओतता ओतता पाणी झिरपून गेलं तर तो लांब वाटतो. पण ट्रॅपमध्ये आहे, भिंतीत आहे की पार मुख्य पाइपात, एवढं यातून नक्की कळतं.

मग ट्रॅप पुन्हा काढला आणि तार थेट भिंतीतल्या पाइपात घातली. सिंकच्या जाळीतून तार घालू नका. ट्रॅपच्या वळणांतच तिचा अर्धा जोर जातो आणि प्लास्टिकचा पातळ ट्रॅप तिच्यानं फुटूही शकतो. डबीच्या तोंडाचा स्क्रू सोडून तार हातानं सरकवत न्यायची. अडली की पंधरा-वीस सेंटिमीटर तार बाहेर ठेवून स्क्रू आवळायचा आणि दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत हलकेच पुढे रेटायचं. उलटं फिरवलं तर स्प्रिंग उसवते. बाहेर जास्त तार ठेवून जोर लावला तर ती पाइपाबाहेरच पीळ खाते आणि हाताला बसते.

तार वळणावर अडली आहे की चिकट्यात, हा फरक हाताला समजायला दोन-तीन वेळा लागतात. वळणावर ती टक्क अडते. फिरवत जरा मागेपुढे केली की एकदम सुटून पुढे जाते आणि परत मोकळी होते. चिकट्यात टक्क असं लागत नाही. ओल्या मातीत काठी खुपसल्यासारखं वाटतं, दांडा फिरवताना जड होत जातो, आणि सोडला तर किंचित उलटा फिरतो. या कामात 2.3 मीटरवर तसंच लागलं. पाण्याचा अंदाज अडीचचा होता, तारेनं 2.3 सांगितलं, म्हणजे जागा पक्की. तारेवर तिथे चिकटपट्टी गुंडाळून खूण केली.

पहिल्या फेरीत तार आरपार गेली आणि टोकाला तो राखाडी मेणकट गोळा आला, आत काळा चोथा. ट्रॅप लावून पाणी सोडलं तर गेलं. घरातली माणसं खूश झाली, मी झालो नाही. सिंक काठोकाठ भरून बूच काढलं आणि वेळ लावली. रिकामं व्हायला दोन मिनिटं दहा सेकंद लागली. ज्या सिंकमधून पाणी मोकळं जातं तिथे शेवटी भोवरा होतो आणि घुटका घेतल्यासारखा आवाज येतो. इथे पाणी गुपचूप खाली उतरत होतं.

म्हणून पुढचा तास त्याच एका मीटरवर घालवला. 6 मिलिमीटरची तार 50 च्या पाइपात बारीक पडते, आत नागमोडी होऊन एकाच बाजूला घासते. मी 8 मिलिमीटरची तार घेतली आणि टोकाला पाइपापेक्षा थोडं लहान, कडांनी खरवडणारं पातं लावलं. खुणेच्या अर्धा मीटर अलीकडून अर्धा मीटर पलीकडे अशी फिरवत नेली आणि फिरवतच मागे आणली. प्रत्येक फेरीनंतर टोक बादलीत धुतलं, पाइपात सोसवेल इतकं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण सोडला. सहा फेऱ्या झाल्या. पहिल्या चारमध्ये प्रत्येक वेळी काही ना काही निघालं, शेवटच्या दोनमध्ये टोक जवळजवळ स्वच्छ आलं. परत सिंक भरून सोडलं. पन्नास सेकंद लागली, आणि भोवऱ्याचा आवाज आला. तुमच्या सिंकचा आकार वेगळा असेल, त्यामुळे माझे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. तुमचे आधीचे आणि नंतरचे आकडे मात्र लिहून ठेवा.

इथवर सफाई झाली. 2.3 मीटरवरच का, हा प्रश्न राहिलाच होता. आडवा पाइप एका कपाटामागून उघडा जात होता म्हणून बघता आला. अशा पाइपाला मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर ढाळ लागतो, म्हणजे सव्वातीन मीटरला साडेसहा सेंटिमीटर. दोन टोकांचा ढाळ मोजला तर ठीक निघाला. पण मधला क्लॅम्प निसटला होता, उरलेल्या दोन क्लॅम्पांत दोन मीटरचं अंतर पडलं होतं आणि पाइपाला त्या जागी पोट आलं होतं. पोटात पाणी कायम साचून राहतं. नवं पाणी आलं की तेल त्या गार पाण्यावर तरंगतं आणि पाइपाच्या वरच्या भागाला चिकटतं. नेमका तो भाग, जिथे तळानं वाहणारा कॉस्टिक पोचतच नाही. चार वेळा ओतलेलं केमिकल का टिकलं नाही, याचं उत्तर त्या एका निसटलेल्या क्लॅम्पमध्ये होतं. पाइप उचलून दर मीटरभरावर क्लॅम्प बसवले. त्या सिंकसाठी त्यानंतर मला बोलावणं आलेलं नाही.

तुमच्याकडे पोटच असेल असं मी म्हणत नाही. पाइप पूर्ण भिंतीत गाडलेला असेल तर ते बघताही येणार नाही. पण तार लागोपाठ दोनदा त्याच अंतरावर अडत असेल तर तिथे काहीतरी आहे असं धरा: पोट, उलटा ढाळ, दोन काटकोनी एल्बो जवळजवळ, किंवा सांध्यात आत आलेली पाइपाची कड. अंतर दर वेळी वेगळं येत असेल तर सगळ्याच पाइपाला सारखा थर बसला आहे आणि कारण बहुधा वरून जाणाऱ्या तेलात आहे. केमिकल ओतून हा फरक कधीच कळला नसता. माझ्या बाजूनं ऑगरसाठी सगळ्यात मोठं कारण हेच.

ऑगर जिथे हरतो तेही सांगतो. तार सहा-सात मीटर बिनधास्त गेली आणि पाणी तरीही हललं नाही, तर ती बहुधा चुकीच्या फाट्यात शिरली आहे. उभ्या पाइपाच्या टी-जोडात ती वर हवेच्या पाइपात चढते, किंवा पाठीला पाठ लावून असलेल्या दुसऱ्या सिंकच्या फाट्यात जाते. मागे घेऊन, टोक वेगळ्या बाजूला वळवून परत प्रयत्न करायचा. सिंकबरोबर नाहणीतही पाणी वर येत असेल तर अडथळा मुख्य पाइपात आहे आणि घरगुती तार तिथे काही करू शकत नाही. तिथे मोटारवाली मशीन किंवा पाण्याचा जेट लागतो. थर वर्षानुवर्षं जुना, कडक झालेला असेल तरीही जेटच बरा, कारण तो सगळी भिंत धुतो. जुन्या, आतून गंजलेल्या लोखंडी पाइपात तार फार जोरात चालवू नका, पातळ झालेली जागा तिनं फुटू शकते.

आणि केमिकल कधी चालेल? पाणी पूर्ण थांबलेलं नाही, नुसतं मंदावलंय, आणि ट्रॅप ते पहिला मीटर एवढ्यातच पातळ थर आहे असं वाटत असेल, तर कॉस्टिक एकदा वापरायला हरकत नाही. तेव्हा तो थांबून न राहता वाहत जातो. सांगितल्या मापानं, गार पाण्यात. घरी द्रावण करायचं असेल तर पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. पाणी पूर्ण उभं असेल तर मात्र अजिबात ओतू नका. गेलं नाही तर ट्रॅपभर जळणारं द्रावण तुमच्या किंवा पुढे येणाऱ्या प्लंबरच्या हातावर पडायला तयार राहतं. आणि ओतलं असेल तर प्लंबरला दारातच सांगा, विचारायची वाट बघू नका.

जिवाणू किंवा एन्झाइमवाली औषधं वेगळी. ती तुंबलेला पाइप मोकळा करत नाहीत, पण आधी खरवडून साफ केलेल्या पाइपात नवा थर बसू नये म्हणून रात्री, सिंक आठ तास बंद असताना टाकली तर उपयोगी पडतात. त्यावर ब्लीच किंवा उकळतं पाणी ओतलं की जिवाणू मेले.

रोजच्या सवयींत मी दोनच सांगतो. तेलकट भांडं धुण्याआधी कागदानं पुसून कागद कचऱ्यात टाका. आणि आठवड्यातून एकदा सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढा. नळाची बारीक धार पाइपाच्या तळालाच भिजवते, भरलेलं सिंक सुटलं की पाइप जवळजवळ पूर्ण भरून वाहतो आणि वरच्या बाजूचा कोवळा चिकटाही सोबत नेतो.

तुमच्यासाठी क्रम असा. शेवटचं केमिकल ओतून किती दिवस झाले आणि त्यानंतर भरपूर पाणी वाहून गेलं आहे का ते बघा. ट्रॅप काढून स्वच्छ करा. तेवढ्यानं सुटलं तर ऑगर आणायचीही गरज नाही. नाही सुटलं तर पाणी मोजा, मग 8 मिलिमीटरची तार मिळाली तर ती घ्या आणि टोक स्वच्छ येईपर्यंत फेऱ्या मारा. लिटरचा आकडा, तार अडली ते अंतर आणि टोकाला काय आलं, हे तिन्ही इथे लिहा. आडवा पाइप कुठून दिसतो का तेही बघून ठेवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.